घोळणा फुटलेल्या मुलाचं चित्र एआय टूल का नाकारतं, आणि तीच मागणी सरळ मार्गाने कशी मांडायची

प्रथमोपचाराचे तक्ते तयार करताना मला सर्वांत जास्त अडवलं ते घोळणा फुटण्याच्या चित्राने. विषय घरोघरी ठाऊक असलेला. नाकातून रक्त आलं तर काय करायचं, एवढंच दाखवायचं होतं. एआयने चित्र काढून देणाऱ्या टूलला मी लिहिलं:

«शाळकरी मुलाचा घोळणा फुटला आहे, नाकातून रक्त वाहतंय, शर्टावर रक्त, मुलगा रडतोय, शिक्षिकेने त्याचं नाक घट्ट दाबून धरलं आहे, अगदी खऱ्या फोटोसारखं»

दोन सेकंदांत नकार आला. माझ्या मनात शाळेतला प्रेमळ प्रसंग होता. आता हेच वाक्य मनातला प्रसंग बाजूला ठेवून, फक्त शब्दांवर बोट ठेवत वाचा. लहान मूल, रक्त, रडणं, मोठ्या माणसाचा त्याच्या चेहऱ्यावर दाबलेला हात, आणि वर खऱ्या फोटोचा आग्रह. नको त्या मागण्या अडवणाऱ्या फिल्टरला एवढंच दिसतं. तुमचा हेतू त्याला दिसत नाही, आणि वाक्यात नसलेलं काही त्याला कळण्याचा मार्गही नाही.

या एकाच चित्राच्या आधाराने मी पायऱ्या सांगणार आहे. स्तनाची तपासणी दाखवणारा तक्ता असो, भाजण्यावरचा उपचार असो किंवा इतिहासातल्या लढाईचं चित्र असो, अडचण बहुधा याच जागी येते.

आधी पाहा, नकार कुठून आला

बाहेरून एकच फिल्टर आहे असं वाटतं, पण बहुतेक टूलमध्ये दोन-तीन चाळण्या एकामागे एक असतात. पहिली तुमचा मजकूर तपासते. कधी ही नुसती शब्दांची यादी असते, कधी पूर्ण वाक्याला धोक्याचे गुण देणारं छोटं मॉडेल असतं. गुण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की मागणी तिथेच थांबते. काही टूलमध्ये त्यानंतर एक भाषेचं मॉडेल तुमचं वाक्य वाचतं आणि चित्र काढणाऱ्या मॉडेलसाठी ते स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहितं. शेवटची चाळणी तयार झालेल्या चित्रावर बसते. तिला तुमच्या शब्दांशी देणंघेणं नसतं, ती फक्त चित्र पाहते.

नकार कोणत्या चाळणीवर आला हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. एन्टर दाबल्याबरोबर, चित्राला सुरुवातही न होता नकार आला आणि तेच वाक्य पुन्हा टाकल्यावरही तसाच आला, तर बहुधा मजकूर अडला आहे. चित्र तयार होऊ लागलं, थोडं दिसलंही, आणि मग गायब झालं, किंवा तेच वाक्य एकदा चाललं आणि पुढच्या वेळी अडलं, तर चित्र अडलं आहे. प्रत्येक वेळी मॉडेल वेगळ्या यादृच्छिक सुरुवातीपासून चित्र घडवतं, म्हणून एकाच वाक्यातून निघालेलं एक चित्र चाळणीतून जातं आणि दुसरं अडकतं. नकारासोबत नीट वाक्यांत स्पष्टीकरण आलं, पर्यायही सुचवले गेले, तर तो निर्णय मधल्या भाषेच्या मॉडेलचा असण्याची शक्यता जास्त.

स्वतःच्या संगणकावर चालवता येणाऱ्या स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या तपासनिसाने चित्र अडवलं की पूर्ण काळा चौकोन मिळतो आणि हा संदेश दिसतो:

```
Potential NSFW content was detected in one or more images. A black image will be returned instead. Try again with a different prompt and/or seed.
```

यातलं NSFW म्हणजे चारचौघांत उघडता येणार नाही असा आशय. हा संदेश शेवटच्या चाळणीचा आहे, मजकूर तपासणाऱ्या चाळणीचा नाही. हा तपासनीस उघड्या कोडचा असल्याने २०२२ मध्ये संशोधकांनी तो उलगडून पाहिला आणि त्यातून इतर फिल्टरही कसे चालत असतील याची चांगली कल्पना येते. तो चित्राचं आकड्यांत रूपांतर करतो आणि ते आकडे सतरा ठरलेल्या कल्पनांशी किती जुळतात हे मोजतो. त्याखेरीज आणखी तीन कल्पना आहेत, लहान मुलांविषयीच्या. चित्र त्यांच्याशी जुळलं तर बाकीची मर्यादा आणखी कडक होते. म्हणजे चित्रात मूल असणं हा दोष नाही, पण मूल असलं की एरवी सहज गेलं असतं तेही अडू शकतं. हा तपासनीस फक्त लैंगिक आशय पाहतो, रक्त किंवा हिंसा पाहत नाही. ऑनलाइन सेवांचे फिल्टर बहुधा दोन्ही पाहतात. म्हणूनच एका टूलमध्ये चाललेलं वाक्य दुसऱ्यात अडतं.

«नको» लिहून काम होत नाही

माझा दुसरा प्रयत्न बहुतेक नवखे करतात तसाच होता. वाक्याच्या शेवटी मी जोडलं: «रक्त फार दाखवू नका, हिंसा नाही, हे शैक्षणिक आहे». पुन्हा लगेच नकार.

यात तीन चुका होत्या. शब्दांची यादी तपासणाऱ्या चाळणीला «नका» कळत नाही, तिला «रक्त» दिसतं. आधी वाक्यात नसलेला «हिंसा» हा शब्दही मीच तिच्या हातात दिला. चित्र काढणाऱ्या मॉडेलांचीही नकाराशी फारशी मैत्री नाही. ज्या वस्तूचं नाव घेतलं ती चित्रात येण्याकडे त्यांचा कल असतो, मग तिच्यापुढे «नको» असो वा नसो. काही टूलमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तो असेल तर तिथे «नको» न लिहिता नुसतं त्या वस्तूचं नाव लिहायचं. रकाना नसेल तर जे हवं आहे तेच लिहायचं. «शर्टावर रक्त नको» याऐवजी «स्वच्छ निळा शर्ट».

तिसरी चूक «शैक्षणिक» या शब्दावर भरवसा ठेवण्याची. मधलं भाषेचं मॉडेल वाक्य समजून वाचतं, त्यामुळे तिथे हेतू सांगण्याचा खरा उपयोग होतो. शब्दांच्या यादीला त्याचं काही नसतं. चित्र पाहणाऱ्या चाळणीपर्यंत तर तो शब्द पोहोचतच नाही. त्यामुळे हेतू जरूर सांगा, पण तो चित्रात उतरेल असा सांगा. «प्रथमोपचाराच्या तक्त्यासाठी सपाट रंगांचं रेखाचित्र» असं लिहिलं तर हेतूही कळतो आणि चित्रही खरोखर तक्त्यासारखं येतं, फोटोसारखं येत नाही.

मराठीत लिहिताना क्रियापदांकडे लक्ष द्या

आपल्यापैकी जे टूलला द्यायचं वाक्य, म्हणजे प्रॉम्प्ट, थेट मराठीत लिहितात त्यांच्यासाठी हा भाग वेगळा सांगावासा वाटतो, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. काही टूल मराठी मजकूर आतल्या आत आधी इंग्रजीत नेतात, आणि फिल्टर शिकवण्यासाठी वापरलेला मजकूरही प्रामुख्याने इंग्रजी असतो. आपली रोजची क्रियापदं या वाटेत घसरतात.

«मारणे» घ्या. उडी मारणारा मुलगा, आजीला मिठी मारणारी नात, दोरीला गाठ मारणारा माणूस. मराठी माणसाला यात मार कुठेच दिसत नाही, पण शब्द सुटा वाचला गेला तर तो मारहाणीचा होतो. «गोळी घेणारा रुग्ण» यातली गोळी औषधाची आहे की बंदुकीची, हे शेजारच्या शब्दांवरून ठरतं. आणि «दोरीवरचे कपडे काढणारी बाई» हे वाक्य दोरी हरवून भाषांतरित झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

«घोळणा फुटणे» हा तर वाक्प्रचारच आहे. मुलाचं काहीतरी फुटलं, एवढाच अर्थ पुढे गेला तर नवल नाही. उपाय सोपा आहे. अनेक अर्थांचं क्रियापद काढून कृती शरीराच्या हालचालीत सांगायची. मिठी मारण्याऐवजी «आजीच्या खांद्याभोवती दोन्ही हात ठेवून हसणारी नात». गोळी घेण्याऐवजी «तळहातावर औषधाची पांढरी टॅब्लेट आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला». दोरीवरचे कपडे काढण्याऐवजी «वाळलेल्या कपड्यांची घडी घालून टोपलीत ठेवणारी बाई». यात काही लपवलं जात नाही, उलट वाक्य अधिक नेमकं होतं.

चित्राने काय शिकवायचं आहे, ते एका वाक्यात लिहा

ही पायरी मी सर्वांत उशिरा शिकले, आणि आता सर्वांत आधी करते. टूल बंद ठेवून कागदावर लिहायचं: हे चित्र पाहून माणसाने काय करावं? माझं उत्तर होतं, «सरळ बसावं, थोडं पुढे झुकावं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरावा, तोंडाने श्वास घ्यावा, निदान दहा मिनिटं चिमूट सोडू नये».

या उत्तरात रक्त नाही, रडणं नाही, शिक्षिकाही नाही. मी मागितलेली निम्मी सामग्री त्या चित्राला लागतच नव्हती. ती आली होती माझ्या आठवणीतल्या प्रसंगातून. फिल्टरने ज्यावर बोट ठेवलं तेच माझ्या तक्त्यातलं फालतू वजन होतं, आणि हे लक्षात आलं तेव्हा फिल्टरवरचा माझा राग बराच उतरला. नेहमी असंच होतं असं म्हणणार नाही. काही वेळा अडलेली गोष्टच चित्राचा गाभा असते. त्याविषयी पुढे सांगते.

एका वेळी एकच तुकडा बदला

तिसऱ्या प्रयत्नात मी रक्ताचे उल्लेख काढले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं: रडणारा मुलगा, त्याचं नाक दाबून धरणारी शिक्षिका, फोटोसारखं. या वेळी मजकूर गेला, चित्र उमटू लागलं आणि शेवटी गायब झालं. म्हणजे आता अडवणारी चाळणी वेगळी होती. कारणही कळण्यासारखं आहे. मोठ्या माणसाचा हात रडणाऱ्या मुलाच्या तोंडा-नाकावर, तेही खऱ्या फोटोसारखं. शब्द माहीत नसलेल्या कोणालाही ते चित्र छळाचं वाटलं असतं.

असा शोध घेताना दोन गोष्टी पाळा. एका प्रयत्नात एकच बदल करा, नाहीतर कशाने काम झालं ते कळणार नाही. आणि प्रयत्न मोजके ठेवा. काही सेवा वारंवार अडलेल्या मागण्यांची नोंद ठेवतात आणि त्यावरून खातं थांबवतात. मी चार-पाच प्रयत्नांच्या पुढे जात नाही. तेवढ्यात जमलं नाही तर पुन्हा कागदाकडे वळते.

चौथा प्रॉम्प्ट असा होता:

«प्रथमोपचाराच्या तक्त्यासाठी सपाट रंगांचं रेखाचित्र, पांढरी पार्श्वभूमी, बाजूने दिसणारं दृश्य. तिशीतली एक व्यक्ती पूर्ण बाह्यांचा स्वच्छ निळा शर्ट घालून खुर्चीवर बसली आहे, कमरेतून थोडी पुढे झुकलेली. तिने उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्वतःच्या नाकाचा खालचा मऊ भाग धरला आहे. तोंड किंचित उघडं, चेहरा शांत. डाव्या हातात पांढरा रुमाल.»

चित्र पहिल्याच फेरीत मिळालं. यातल्या प्रत्येक बदलाला कारण आहे. वय स्पष्ट सांगितलं, कारण ते सांगितलं नाही तर मॉडेल आणि फिल्टर दोघेही अंदाज करतात. कपडे सांगितले, कारण न सांगितलेली जागा मॉडेल आपल्या मनाने भरतं आणि ते भरलेलं चाळणीत अडकू शकतं. हात स्वतःचाच आहे, म्हणजे कोणी कोणावर जोर करत नाही. चेहरा शांत आहे. आणि माध्यम रेखाचित्राचं आहे, जे तक्त्यासाठी फोटोपेक्षा खरोखरच बरं, कारण छापल्यावर रेषा लांबूनही वाचता येते.

तक्ता मुलांसाठी होता, म्हणून मग याच वाक्यात फक्त «तिशीतली एक व्यक्ती» काढून «दहा वर्षांचा मुलगा» घातलं. तेही चाललं. सुरुवातीलाच मुलापासून न निघता आधी मोठ्या माणसाचं चित्र पक्कं करून मग वय बदलणं मला नेहमी सोपं गेलं आहे. कारण पुन्हा अडलं तर वयामुळेच अडलं हे लगेच कळतं.

फिल्टरमधून गेलं म्हणजे चित्र बरोबर आहे असं नाही

मिळालेल्या पहिल्या चित्रात माणसाने मान मागे टाकली होती. ही चूक डोळ्यांत तेल घालून तपासावी अशी आहे. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं, मळमळतं, उलटी होऊ शकते. तक्त्यात नेमकं त्याच्या उलट शिकवायचं असतं. मग मी «डोकं पुढे, हनुवटी छातीच्या दिशेने, नजर जमिनीकडे» असं जोडलं, तेव्हा मान पुढे झुकली. दुसऱ्या चित्रात चिमूट नाकाच्या वरच्या हाडावर होती. तिथे दाबून उपयोग नसतो, मऊ भागच दाबायला हवा. ते शब्दांनी सुधारेना, म्हणून चित्र नाकापाशी कापून मोठं केलं आणि फक्त हाताचा भाग पुन्हा काढून घेतला. सुरक्षिततेचा फिल्टर यातलं काही तपासत नाही. ते विषय जाणणाऱ्या माणसानेच पाहायचं असतं.

शब्द फिरवणं आणि डोळ्यांत धूळ फेकणं

इथे एक रेघ आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. रक्ताऐवजी «लाल सरबत» लिहा, अक्षरांच्या मध्ये टिंबं घाला, नाव मुद्दाम चुकवून लिहा, असे सल्ले सर्रास दिले जातात. ते घेऊ नका. शब्द चाळणीतून निसटला तरी चित्र पाहणारी चाळणी पुढे उभीच असते, आणि सरबत मागितलं तर मॉडेल कधीकधी खरंच मुलाच्या हातात पेला देतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की यात तुम्ही टूलला खोटं सांगता. खातं बंद झालं तर तक्रारीलाही जागा उरत नाही.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: नवं वाक्य मला हवं असलेलं चित्र आधीपेक्षा जास्त खरं सांगतं की कमी? «स्वतःच्या नाकाचा मऊ भाग चिमटीत धरलेली व्यक्ती» हे «घोळणा फुटलेला मुलगा» यापेक्षा जास्त खरं आहे. «लाल सरबत» कमी खरं आहे. पहिलं वाक्य चित्राखाली छापलं तरी चालेल, दुसरं छापता येणार नाही.

काही नकार मुळातच योग्य असतात आणि तिथे शब्द शोधत बसू नये. ओळखीच्या किंवा प्रसिद्ध व्यक्तीचा जखमी चेहरा, खऱ्या फोटोसारखं दिसणारं जखमी मूल, खऱ्या माणसाला न घडलेल्या प्रसंगात दाखवणं. अशी चित्रं मूळ संदर्भापासून सुटी होऊन फिरू लागली की तुमचा चांगला हेतू त्यांच्यासोबत जात नाही.

गाभाच अडत असेल तेव्हा

आता राहिलेला मुद्दा. काही वेळा फिल्टरने अडवलेला भागच चित्राचं कारण असतो. भाजल्याच्या जखमेची खोली ओळखायला शिकवायचं असेल, तर जखम न दाखवता चालणार नाही. शरीरशास्त्राच्या आकृत्यांचंही तसंच आहे. २०२३ च्या सुरुवातीला मिडजर्नी या टूलमध्ये प्लॅसेंटा म्हणजे वार, बीजवाहिन्या यांसारख्या अवयवांची इंग्रजी नावंही अडवली जात होती. जीवशास्त्राच्या शिक्षकाला त्यावर शब्दांचा उपाय नव्हता, कारण अवयवाला दुसरं खरं नाव नसतं.

अशा वेळी मी तीनपैकी एक मार्ग घेते. «छेद दाखवणारी वैद्यकीय आकृती, नावं लिहिण्यासाठी मोकळ्या रेषा, फक्त सुटा अवयव» अशी मांडणी एकदा करून पाहते. आकृतीचं रूप स्पष्ट असलं की चित्र पाहणारी चाळणी बऱ्याचदा शांत राहते. ते जमलं नाही तर परवाना असलेलं वैद्यकीय छायाचित्र वापरते किंवा चित्रकाराला काम देते. जखमेची खोली शिकवायला एआयचं चित्र मला तसंही विश्वासाचं वाटत नाही, कारण ते जखम सुबक काढतं, खरी काढत नाही. आणि नकार उघडच चुकीचा असेल, तर टूलमध्ये प्रतिक्रिया देण्याचं बटण असतं, तिथे पूर्ण वाक्य आणि वापराचं कारण लिहून पाठवते.

घोळण्याच्या तक्त्यात रक्ताची खूण हवीच, असा आग्रह आमच्या प्रथमोपचाराच्या वर्गातल्या एका परिचारिकेने धरला, आणि तिचं बरोबर होतं. लहान मुलांना नुसतं नाक धरलेलं चित्र सर्दीचं वाटत होतं. मी चित्रात फेरफार करण्याच्या साध्या प्रोग्रॅममध्ये रुमालावर दोन लाल ठिपके हाताने काढले. पाच मिनिटांचं काम होतं. पुढच्या वर्गात मुलांनी चित्र बरोबर ओळखलं. तो प्रॉम्प्ट, टूलचं नाव आणि तारीख मी वहीत उतरवून ठेवली आहे, कारण फिल्टर न सांगता बदलतात आणि आज चाललेलं वाक्य चार महिन्यांनी अडलं, तर कुठून सुरुवात करायची हे माहीत असलेलं बरं.